चहातलं कॅफीन काढताना ६० मिली एकदम का नाही, २०-२०-२० का

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला चहा पावडरमधून कॅफीन काढायचा प्रयोग असतो आणि दर बॅचला कोणीतरी विचारतंच, की मॅडम ६० मिली सॉल्व्हंट वापरायचंच आहे तर एकदम टाकून एकदाच हलवून मोकळं होऊ, तीन तीन वेळा फनेल धरून उभं कशाला राहायचं. प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर "जर्नलमध्ये तसं लिहिलंय" हे नाही. उत्तर साध्या गणितात आहे, ते एकदा हाताने करून बघितलं की परत कधी विसरत नाही. म्हणून हा लेख, ज्यांनी सेपरेटिंग फनेल, म्हणजे न मिसळणारे दोन द्रव वेगळे करायचं खाली तोटी असलेलं काचेचं भांडं, अजून हातात घेतलेलं नाही किंवा एकदाच घेतलंय त्यांच्यासाठी.

घरात कपडे धुताना साबण काढायला आपण काय करतो? एका मोठ्या टबात भरपूर पाणी घेऊन एकदाच बुचकळत नाही, थोड्या थोड्या पाण्यात बुचकळून, पिळून, परत नवीन पाणी घेतो. "दोन-तीन पाण्यातून काढ" असंच म्हणतो. पाणी तेवढंच, पण वाटून वापरलं. इथे पण तेच चाललंय, फक्त इथे कॅफीनला एक बाजू दुसरीपेक्षा जास्त आवडते आणि ती आवड आपल्याला आकड्यात मोजता येते.

आधी ही आवड म्हणजे काय ते

पाणी आणि डायक्लोरोमिथेन (यापुढे डीसीएम म्हणते, लॅबमध्ये सगळे तेच म्हणतात) एकमेकांत मिसळत नाहीत. एका फनेलमध्ये घातले की दोन थर होतात, डीसीएम जड, घनता साधारण १.३३, म्हणून ते खाली आणि पाणी वर. आता या पाण्यात कॅफीन असेल आणि दोन्ही थर नीट हलवले, तर कॅफीनचे रेणू सीमा ओलांडून इकडून तिकडे जात राहतात, आणि थोड्या वेळाने जाणारे आणि येणारे सारखे होतात. त्यानंतर कितीही हलवा, काही बदलत नाही. या अवस्थेत दोन्ही थरांतल्या कॉन्सन्ट्रेशनचं गुणोत्तर ठरलेलं असतं, त्याला पार्टिशन कोइफिशंट म्हणायचं, पुस्तकी मराठीत वितरण गुणांक.

```
K = (डीसीएममधलं कॉन्सन्ट्रेशन) / (पाण्यातलं कॉन्सन्ट्रेशन)
```

कुठला थर वर लिहिलाय ते प्रत्येक वेळी बघा, काही पुस्तकांत उलटं लिहितात आणि मग ८ चा ०.१२५ होतो, गणित पूर्ण उलटं पडतं. कॅफीनसाठी डीसीएम आणि पाणी या जोडीचा K मी इथे ८ धरतेय. तापमान आणि पाण्यात विरघळलेलं मीठ याने तो थोडा इकडे तिकडे होतो, पण हिशोब शिकायला ८ चांगला आकडा आहे आणि खऱ्याच्या जवळपास आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. ठरलेलं असतं ते गुणोत्तर, किती मिलिग्रॅम पलीकडे जाणार ते नाही. म्हणजे डीसीएममध्ये प्रत्येक मिलीत पाण्याच्या ८ पट कॅफीन असणार एवढंच निसर्गाने सांगितलंय. पाण्यात थोडं तरी राहणारच, कारण पाण्यात शून्य असेल तर ८ गुणिले शून्य म्हणजे डीसीएममध्ये पण शून्य. एका झटक्यात सगळं कधीच निघत नाही.

आता हिशोब

समजा चहाचा काढा १०० मिली आहे आणि त्यात २०० मिलिग्रॅम कॅफीन आहे. एका एक्स्ट्रॅक्शननंतर पाण्यात उरणारा भाग या सूत्राने निघतो:

```
उरलेला भाग = Vपाणी / (Vपाणी + K × Vडीसीएम)
```

हे पाठ करायची गरज नाही. डीसीएमचा १ मिली म्हणजे कॅफीनच्या नजरेतून पाण्याचे ८ मिली, एवढं मनात ठेवलं की झालं. ६० मिली डीसीएम म्हणजे ४८० मिली "पाण्याएवढी जागा", त्यात खरं पाणी १०० मिली, एकूण ५८०. कॅफीन या ५८० मध्ये सारखं पसरतं. पाण्याच्या वाट्याला १०० भागिले ५८०, म्हणजे १७.२ टक्के. २०० मिलिग्रॅमपैकी ३४.५ मिलिग्रॅम पाण्यातच राहिलं. हा झाला एकदम ६० मिली टाकण्याचा रिझल्ट.

आता तेच ६० मिली २०-२०-२० असं वाटू. पहिल्या २० मिलीची जागा १६०, अधिक १०० पाणी, एकूण २६०. पाण्यात उरतं १०० भागिले २६०, ३८.५ टक्के, म्हणजे ७६.९ मिलिग्रॅम. बघा, पहिल्या फेरीत जास्तच उरलं, इथे मुलं घाबरतात. पण ते डीसीएम आपण काढून घेतलं, १२३.१ मिलिग्रॅम घेऊन ते बाहेर गेलं, आणि आता कोरं २० मिली डीसीएम आत येतं. ७६.९ चं परत ३८.५ टक्के उरणार, २९.६ मिलिग्रॅम. तिसऱ्या फेरीत २९.६ चं परत तेच, ११.४ मिलिग्रॅम. म्हणजे २०० पैकी फक्त ५.७ टक्के वाया, आणि १८८.६ मिलिग्रॅम हातात. सॉल्व्हंट तेवढंच, पण वाया जाणारं ३४.५ वरून ११.४ वर आलं.

याचं कारण काय ते शब्दांत सांगते, कारण आकडे बघून पटतं पण समजतंच असं नाही. ६० मिली एकदम टाकलं तेव्हा त्या डीसीएममध्ये शेवटी दर मिलीत २.७६ मिलिग्रॅम कॅफीन होतं. २० मिलीच्या पहिल्या फेरीत दर मिलीत ६.१५ मिलिग्रॅम. म्हणजे छोट्या हप्त्यातला प्रत्येक मिली दुप्पटीहून जास्त माल उचलून बाहेर पडला, कारण तो बाहेर गेला तेव्हा पाणी अजून चांगलं कडक होतं. मोठ्या हप्त्यात मात्र साठच्या साठ मिलीला शेवटच्या फिक्या पाण्याशी जुळवून घ्यावं लागतं, पहिला मिली पण आणि साठावा पण. शिवाय शेवटी पाणी किती रिकामं होणार हे त्याला शेवटी टेकलेल्या डीसीएमवर ठरतं, आणि तिसऱ्या फेरीतलं डीसीएम कोरं असल्यामुळे अगदी पातळ राहतं, म्हणून पाणी पण पातळ होतं.

अजून एक आकडा देते, तो मला स्वतःला सगळ्यात बोलका वाटतो. तीन वेळा २० मिलीने जो रिझल्ट आला, तोच एका फेरीत हवा असेल तर २०७ मिली डीसीएम लागेल. साठच्या जागी दोनशे सात! आणि ते सगळं नंतर उडवायचं पण आपणच.

मग ६ वेळा १० मिली का नाही? करून बघू. दर फेरीत १०० भागिले १८०, सहा वेळा, उरतं २.९ टक्के, ५.९ मिलिग्रॅम. अजून बारीक बारीक हप्ते केले, अगदी थेंबाथेंबाने, तरी ६० मिलीत साधारण ०.८ टक्क्याच्या खाली जाताच येत नाही, ती शेवटची पायरी. म्हणजे एकावरून तीनवर गेलं तर २३ मिलिग्रॅम वाचले, तीनावरून सहावर गेलं तर जेमतेम साडेपाच, आणि त्यासाठी तीन जास्तीच्या फेऱ्या, जास्त हाताळणी, जास्त सांडणं. म्हणून सगळीकडे तीन लिहिलेलं असतं. तीन हा काही पवित्र आकडा नाही, त्या जागी फायदा आणि कटकट यांचा मेळ बसतो एवढंच.

प्रत्यक्ष करताना

हे घरी करायचं नाही, हे आधीच सांगते. डीसीएमची वाफ श्वासातून घ्यायची नसते, फ्यूम हूडमध्येच काम करायचं, चष्मा लावायचा. साधे निळे नायट्राइल ग्लोव्हज डीसीएम काही मिनिटांत भेदून जातं, त्यामुळे ग्लोव्हजवर सांडलं तर लगेच काढून नवे घाला, "वाळेल आपोआप" म्हणून बसू नका. आणि शेवटी जे कॅफीन मिळेल ते चाखायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

सुरुवात काढ्यापासून. १० ग्रॅम चहा पावडर, १०० मिलीहून थोडं जास्त पाणी (पावडर बरंच पिऊन टाकते), आणि साधारण ५ ग्रॅम सोडियम कार्बोनेट म्हणजे आपला धुण्याचा सोडा, हे सगळं १५-२० मिनिटं मंद उकळू द्या. चहाच्या कोरड्या पावडरीत साधारण २ ते ३ टक्के कॅफीन असतं, म्हणजे १० ग्रॅममध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम, वरचा २०० चा आकडा तिथून आला. सोडा कशाला, तर चहात टॅनिन असतात, ती नुसती सोडली तर काही प्रमाणात कॅफीनबरोबर डीसीएममध्ये येऊन घाण करतात. सोड्यामुळे त्यांचे सोडियम सॉल्ट होतात आणि सॉल्टला पाणीच आवडतं, ते वरच्या थरातच बसून राहतात. कॅफीनवर सोड्याचा काही परिणाम होत नाही. म्हणजे एकाच वेळी कॅफीनचा K तसाच ठेवून टॅनिनचा K आपण जवळपास शून्यावर आणला, ही युक्ती मला फार आवडते.

काढा गरम असतानाच मलमलच्या कपड्यातून गाळा आणि चोथा थोड्या गरम पाण्याने विसळून ते पाणी पण त्यातच घाला, एकूण १०० मिलीच्या आसपास ठेवा. आपल्याकडची सीटीसी पावडर फार बारीक असते, तिची धूळ काढ्यात राहिली तर पुढे त्रास देते, म्हणून जमलं तर सेलाइट नावाच्या गाळायच्या पावडरीच्या थरातून परत एकदा गाळा. मग बर्फाच्या पाण्यात ठेवून पूर्ण गार करा, हाताला थंड लागलं पाहिजे. डीसीएम ४० अंशालाच उकळतं. कोमट काढ्यावर ते ओतलं तर फनेलमध्येच उकळी फुटते आणि झाकण उडतं, सगळं अंगावर. घाईत काढा गार व्हायची वाट न बघणं ही या प्रयोगातली सगळ्यात धोक्याची चूक आहे.

२५० मिलीचं सेपरेटिंग फनेल घ्या. आधी थोडं पाणी घालून खालचा स्टॉपकॉक गळतो का बघा, झाकण लावून उलटं करून तेही गळतं का बघा. मग रिंगवर लावा, खाली एक बीकर ठेवाच, स्टॉपकॉक बंद आहे का हे परत एकदा बघा. काढा ओता, मग २० मिली डीसीएम.

झाकण लावून एका हाताने झाकण आणि दुसऱ्या हाताने स्टॉपकॉक धरून फनेल उलटं करा आणि लगेच, काहीही हलवायच्या आधी, स्टॉपकॉक उघडून हवा सोडा. नळीचं तोंड हूडच्या आतल्या भिंतीकडे, माणसांकडे नाही. फुस्स असा आवाज येतो, ती डीसीएमची वाफ. बंद करा, हलवा, परत सोडा. आवाज यायचा थांबला की वाफेचा दाब सावरला असं समजा, तरी मधून मधून सोडत राहा.

हलवायचं कसं, यावर थोडं थांबते कारण इथेच बहुतेकांचा प्रयोग बिघडतो. शुद्ध पाणी आणि शुद्ध कॅफीन असतं तर जोरात हलवलं तरी चाललं असतं, उलट चांगलंच, कारण दोन थरांचा जेवढा जास्त संपर्क तेवढं लवकर कॅफीन वाटलं जातं. पण चहाच्या काढ्यात टॅनिनचे ते सॉल्ट साबणासारखे वागतात आणि जोरात हलवलं की मधे एक तपकिरी, फेसाळ, चिवट थर तयार होतो, इमल्शन. तो तासभर बसून राहतो. म्हणून इथे फनेल आडवं धरून सावकाश पुढे-मागे झुलवायचं, दोन-तीन मिनिटं, झोक्यासारखं. कमी जोर आणि जास्त वेळ.

इमल्शन झालंच तर घाबरू नका. आधी दहा मिनिटं तसंच ठेवा. नाही सुटलं तर तीन-चार ग्रॅम साधं मीठ घालून परत हळू झुलवा. मिठामुळे डीसीएमचे थेंब एकत्र यायला मदत होते आणि शिवाय कॅफीन पाण्यातून बाहेर ढकललं जातं, म्हणजे K थोडा वाढतो, दुहेरी फायदा. मिठाने पाणी जड होतं हे खरं, पण पूर्ण संपृक्त मिठाचं पाणी पण १.२ च्या आसपासच, डीसीएम १.३३, त्यामुळे थर उलटे होत नाहीत. तरीही नाही सुटलं तर तो मधला थर तेवढा कापसाच्या बोळ्यातून गाळा किंवा सेंट्रिफ्यूज करा.

थर वेगळे झाले की आधी वरचं झाकण काढा, मग स्टॉपकॉक उघडा. झाकण तसंच राहिलं तर आत पोकळी होते आणि खालून धार येत नाही, थेंब थेंब येतो आणि लोक स्टॉपकॉक तुंबला म्हणून त्यात तार घालायला लागतात. खालचा थर एका कोरड्या, नाव लिहिलेल्या कोनिकल फ्लास्कमध्ये घ्या. आणि कुठला थर कुठला अशी शंका आली तर वरून पाण्याचा एक थेंब सोडून बघा, ज्या थरात तो विरघळून गायब होईल तो पाण्याचा. शेवटचं वजन होईपर्यंत कुठलाच थर सिंकमध्ये टाकू नका. मी शिकत असताना एकदा चुकीचा थर टाकला होता, पूर्ण दिवसाचं काम गेलं, तेव्हापासून माझ्या टेबलावर दोन्ही थर संध्याकाळपर्यंत उभे असतात.

पहिल्या दोन फेऱ्यांत सीमारेषेपर्यंत काटेकोर जायची गरज नाही. सीमेजवळचा एक-दीड मिली डीसीएम आणि थोडं इमल्शन फनेलमध्येच राहू द्या, कारण पुढच्या फेरीत नवीन डीसीएम येतंय, ते हे सगळं परत घेऊन जाईल. शेवटच्या फेरीत मात्र नीट वाट बघा आणि थेंबापर्यंत काढा. हा फायदा एकाच फेरीत काम उरकणाऱ्याला मिळत नाही, तिथे पहिलीच फेरी शेवटची असते.

अशा तीन फेऱ्या. आणि शिकत असाल तर माझा आग्रह आहे की पहिल्यांदा तिन्ही हप्ते तीन वेगळ्या, आधी वजन केलेल्या फ्लास्कमध्ये ठेवा, एकत्र करू नका. थोडं जास्त काम आहे, पण K स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

प्रत्येकात थोडं कोरडं सोडियम सल्फेट टाका, ते पाणी धरून गोळा होतं. फ्लास्क फिरवल्यावर काही दाणे मोकळे फिरताना दिसले म्हणजे पुरे, सगळेच चिकटून बसले असतील तर अजून चिमूटभर. मग वरचं नितळ डीसीएम दुसऱ्या वजन केलेल्या फ्लास्कमध्ये ओतून घ्या आणि सल्फेट २ मिली डीसीएमने विसळून तेही त्यात. हूडमध्ये ५० अंशाच्या आसपासच्या गरम पाण्यावर ठेवून उडवा. बर्नर नको. डीसीएम पेट्रोलसारखं भडकत नाही हे खरं, पण त्याची वाफ ज्वाळेत किंवा तापलेल्या धातूवर गेली की हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जीनसारखे विषारी वायू होतात. तळाशी फिकट, कधी हिरवट छटेची पावडर उरते, हिरवटपणा पानाच्या क्लोरोफिलचा.

वजनं काय सांगतात

आपल्या हिशोबाप्रमाणे तीन फ्लास्कमध्ये १२३, ४७ आणि १८ मिलिग्रॅम यायला हवं. मुख्य गोष्ट आकडे नाहीत, उतरण आहे. प्रत्येक हप्ता आधीच्याच्या ०.३८५ पट. यावरून K उलटा काढता येतो, आणि आत किती कॅफीन होतं हे माहीत नसलं तरी चालतं, म्हणूनच मला ही पद्धत आवडते:

```
r = दुसऱ्या हप्त्याचं वजन / पहिल्या हप्त्याचं वजन
K = (1/r − 1) × Vपाणी / Vडीसीएम
```

४७.३ भागिले १२३.१ म्हणजे ०.३८५, त्याचा व्यस्त २.६, वजा १ म्हणजे १.६, गुणिले ५, झाला ८.

तुमचे आकडे असे नीट येणार नाहीत आणि का नाही येणार ते वाचण्यातच शिकणं आहे. दुसरा हप्ता अपेक्षेपेक्षा मोठा आणि पहिला छोटा आला तर बहुतेक पहिल्या वेळी नीट झुलवलं नाही किंवा बरंच डीसीएम फनेलमध्ये सोडलं, त्यातलं कॅफीन दुसऱ्यात आलं. पहिला थोडा छोटा यायचं एक प्रामाणिक कारण पण आहे, डीसीएम पाण्यात अगदीच विरघळत नाही असं नाही, १०० मिली पाणी साधारण एक-सव्वा मिली डीसीएम पिऊन टाकतं. २० मिली घातलं तरी खाली १८-१९ च मिळतं आणि त्याबरोबर थोडं कॅफीन पण मागे राहतं. १० मिलीचे हप्ते केले तर हा तोटा पहिल्या हप्त्याच्या दहा टक्क्यांहून जास्त होतो, तेव्हा फार बारीक हप्ते न करायचं हे अजून एक कारण. आणि तिसरा हप्ता दुसऱ्याएवढाच आला, कमीच होत नाही, तर ते कॅफीन नाही. एक तर डीसीएम पूर्ण उडालेलं नाही, परत गरम करून परत वजन करा, नाहीतर इमल्शनमधून सोडा, मीठ, टॅनिन असलं काहीतरी आलंय. शुद्ध कॅफीन २३५ अंशाच्या आसपास वितळतं, मेल्टिंग पॉइंट घेतला की लगेच कळतं.

हा नियम कुठे चालत नाही

बर्थेलो आणि युंगफ्लाइश यांनी १८७२ मध्ये दोन थरांतल्या वाटणीचं गुणोत्तर ठरलेलं असतं हे दाखवलं, आणि १८९१ मध्ये नेर्न्स्ट यांनी त्याला एक महत्त्वाची अट घातली, की पदार्थ दोन्ही थरांत एकाच रूपात असला पाहिजे. बेंझॉइक ॲसिड घ्या, पाणी आणि टोल्यूइन या जोडीत ते बऱ्याच कॉलेजांत करतात. टोल्यूइनमध्ये त्याचे दोन-दोन रेणू जोडी करून राहतात आणि पाण्यात एकेकटे, थोडे आयन होऊन. मग साधं गुणोत्तर काढलं तर कॉन्सन्ट्रेशन बदललं की K पण बदलतो आणि मुलांना वाटतं टायट्रेशन चुकलं. चुकलेलं नसतं. कॅफीन असल्या भानगडीत पडत नाही, म्हणून सुरुवातीला कॅफीन बरं.

दुसरं म्हणजे हप्ते पाडण्याचा फायदा K वर अवलंबून आहे, सगळीकडे सारखा नाही. K ८ च्या ऐवजी ०.५ असता तर १०० मिली पाण्यातून ६० मिली एकदम काढून ७७ टक्के मागे राहिले असते आणि तीन हप्त्यांत ७५ टक्के. काही फरकच नाही! अशा वेळी चौथी-पाचवी फेरी करत बसू नका, सॉल्व्हंट बदला, पाण्यात मीठ घाला, नाहीतर कंटिन्यूअस एक्स्ट्रॅक्टर लावा. उलट आयोडिन पाण्यातून कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये काढताना K ८५ च्या आसपास असतो, तिथे एकाच फेरीत २ टक्क्यांहून कमी राहतं, मग रोजच्या कामाला एक किंवा दोन फेऱ्या पुरतात. K जेव्हा मधला असतो, आपल्या कॅफीनसारखा, तेव्हा फेऱ्या पाडून खरी कमाई होते.

तीन फेऱ्या झाल्यावर थांबायचं की चौथी करायची हे कसं ठरवायचं? तिसऱ्या हप्त्याचे दोन-चार थेंब स्वच्छ वॉच ग्लासवर टाका आणि हूडमध्ये उडू द्या. काच जवळपास स्वच्छ राहिली, पुसटसा डाग एवढाच, तर थांबा. पांढरी पावडर स्पष्ट दिसली तर अजून एक २० मिली घ्या, आणि मग वापरलेलं डीसीएम सिंकमध्ये नाही, हॅलोजनेटेड वेस्टच्या बाटलीत.